मलम किती लावायचं? बोटाचं एक पेर, मटाराचा दाणा आणि ओल्या-कोरड्या त्वचेचा हिशोब

मी गेली काही वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आली की तिच्यात बहुतेक वेळा औषधाचं नाव असतं आणि पुढे 'एल. ए. बीडी' असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ बाहेरून लावायचं, दिवसातून दोन वेळा. गोळीच्या बाबतीत अर्धी की एक, जेवणाआधी की नंतर, हे सगळं ठरलेलं असतं. मलमाच्या बाबतीत 'किती' हा प्रश्न तसाच राहतो. घरी गेल्यावर मग कुणी बोटाच्या टोकावर मुगाएवढं घेतं, तर कुणी चपातीला तूप लावावं तसं लावतं.

मलमालाही डोस असतो आणि तो मोजायला वजनकाटा लागत नाही. आपलंच बोट आणि आपलाच तळहात पुरतो.

पहिलं माप: तर्जनीचं शेवटचं पेर

1991 साली ब्रिटनमधल्या कार्डिफ इथल्या लाँग आणि फिनले या दोन त्वचातज्ज्ञांनी हे माप मांडलं. त्याला फिंगरटिप युनिट म्हणतात. मराठीत आपल्याकडे त्यासाठी आयता शब्द आहे, पेर. मी पुढे तोच वापरते.

माप असं घ्यायचं:

1. मोठ्या माणसाची तर्जनी सरळ धरा, तळहाताची बाजू वर. बोटाच्या शेवटच्या सांध्यावरची आडवी रेघ बघा.
2. त्या रेघेपासून बोटाच्या टोकापर्यंत ट्यूबमधून मलमाची एक सलग पट्टी काढा.
3. ही पट्टी म्हणजे एक पेर. वजनात साधारण अर्धा ग्रॅम. पुरुषाच्या बोटावर अर्ध्या ग्रॅमच्या अगदी जवळ, बाईच्या बोटावर जरासं कमी.
4. हे एक पेर मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरतं. तळहात म्हणजे बोटं जुळवून धरलेला अख्खा पंजा, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत.

चौथी पायरी सगळ्यात उपयोगाची आहे. चट्टा कुठेही असो, कसाही वेडावाकडा असो, त्यावर आपला पंजा ठेवून बघायचा. एकूण चट्टे मिळून दोन पंजे झाकले गेले तर एक पेर, एकच पंजा झाकला गेला तर अर्धं पेर. शाळेत आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचो, तसंच आहे हे.

अंगाच्या मोठ्या भागाला लावायचं असेल तर पंजे मोजत बसायला नको, तयार आकडे आहेत. मोठ्या माणसाच्या चेहरा आणि मानेला मिळून अडीच पेरं, एका हाताला (पंजा सोडून) तीन, पंजाच्या दोन्ही बाजूंना एक, एका पायाला सहा आणि पावलाला दोन, छाती-पोटाला सात, पाठीला कुल्ल्यांसकट सात. सगळी बेरीज चाळीसच्या आसपास जाते, म्हणजे अख्ख्या अंगाला एका वेळी वीस ग्रॅम. पंधरा ग्रॅमची ट्यूब एका वेळच्या अख्ख्या अंगालासुद्धा पुरत नाही, हे ऐकून लोक थबकतात.

चेहऱ्याचा आकडा दिला म्हणून स्टिरॉइडचं मलम आपल्या मनाने चेहऱ्याला लावू नका. ही मापं फक्त क्षेत्रफळाची आहेत. कोणतं औषध, कुठे आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. गोरं दिसण्यासाठी स्टिरॉइडची क्रीम महिनोन्‌महिने लावून चेहरा लाल आणि पातळ झालेल्या मुली मी काउंटरवर बघते आणि मनापासून वाईट वाटतं. ती ट्यूब चिठ्ठीशिवाय मागितली तर मी देत नाही.

ट्यूबचं तोंड बघायला विसरू नका

हे कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. पेराचं माप पाच मिलिमीटर रुंद तोंडाच्या ट्यूबवर ठरवलेलं आहे. आपल्याकडे पाच-दहा ग्रॅमच्या छोट्या ट्यूबांची तोंडं पुष्कळदा त्याहून अरुंद असतात. तोंड तीन मिलिमीटरचं असेल तर तेवढ्याच लांबीच्या पट्टीत मलम जेमतेम एक तृतीयांश येतं, कारण पट्टीची जाडी दोन्ही बाजूंनी कमी होते. पेर पूर्ण भरलेलं दिसतं आणि डोस मात्र तिसरा हिस्सा.

तपासायला सोपं आहे. झाकण काढून ट्यूबचं तोंड कागदावर दाबा आणि उमटलेलं वर्तुळ पट्टीने मोजा. पाच मिलिमीटर असेल तर एक पट्टी बरोबर. चार असेल तर दीड पट्टी घ्या. तीन असेल तर तीन पट्ट्या शेजारी शेजारी काढा.

एका मुलाचं उदाहरण

मागच्या हिवाळ्यात एक आई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाला इसब, म्हणजे एक्झिमा होता. दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत आणि दोन्ही गुडघ्यांच्या मागे खरखरीत लाल चट्टे. रात्री तो खाजवून चादर रक्ताने डागाळायची. डॉक्टरांनी सौम्य स्टिरॉइडचं मलम दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ दहा दिवस, मग पुन्हा दाखवायचं. "ताई, हे औषध काही उपयोगाचं नाही, दुसरं काही द्या," ती म्हणाली. मी ट्यूब दाखवायला सांगितली. पंधरा ग्रॅमची ट्यूब, दहा दिवस उलटून गेलेले, आणि ती अजून जवळजवळ भरलेली होती.

किती लावता, असं विचारलं तेव्हा तिने बोटाच्या टोकावर मुगाच्या डाळीएवढं दाखवलं. तेवढं ती चारही चट्ट्यांना पुरवत होती. स्टिरॉइड म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या होत्या आणि कुणीतरी "एकदम पातळ लावा" असं सांगितलं होतं. या 'पातळ'ने फार घोळ होतो, कारण प्रत्येकाचं पातळ वेगळं.

मग आम्ही तिथेच मोजलं. मुलाचं अंग असलं तरी मापाला हात आईचाच, कारण पेर मोठ्या बोटाचं आणि पंजाही मोठ्याचाच धरायचा असतो. कोपराच्या घडीतला एक चट्टा तिच्या पंजाच्या अर्ध्याला थोडा कमी भरला, गुडघ्यामागचा अर्ध्याहून थोडा जास्त. चारही मिळून दोन पंजे. म्हणजे एका वेळी एक पेर, अर्धा ग्रॅम. दोन वेळा म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. दहा दिवसांत दहा ग्रॅम संपायला हवं होतं. पंधराच्या ट्यूबमध्ये तळाशी पाचच उरायला हवं होतं.

मी तिला दुसरं औषध दिलं नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं, त्यांनी तेच मलम नीट प्रमाणात पुन्हा दहा दिवस लावायला सांगितलं. लावायची पद्धत अशी ठरवली: एका पेराचे चार भाग करायचे, प्रत्येक चट्ट्यावर दोन-तीन ठिपके ठेवायचे आणि मग हलक्या हाताने पसरायचं, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. उलट चोळलं की केसांच्या मुळाशी मलम साचतं आणि बारीक पुळ्या येतात. लावून झाल्यावर त्वचा किंचित चमकली पाहिजे. काहीच दिसलं नाही तर कमी झालं. बोट फिरवल्यावर पांढरा थर सरकत राहिला तर जास्त झालं.

मलम नेमून दिलेल्या चट्ट्यावरच लावायचं, शेजारच्या चांगल्या त्वचेवर 'असू दे' म्हणून नाही. आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले की थांबायचं किंवा पुन्हा दाखवायचं. पेर हे एका वेळचं प्रमाण आहे, किती दिवस लावायचं ते त्यातून कळत नाही.

ओलसर त्वचा: मॉइश्चरायझरचं काम इथे

त्या आईचा दुसरा प्रश्न होता, क्रीम आंघोळीनंतर लावते तरी अंग कोरडंच कसं? ती मुलाला खरखरीत टॉवेलने पुसून, कपडे घालून, नाश्ता देऊन, शाळेत निघायच्या आधी क्रीम लावत होती. तोवर पाऊण तास होऊन जायचा.

आंघोळीत त्वचेच्या वरच्या थरात पाणी शिरतं. बाहेर आल्यावर ते भराभर उडून जातं, आणि गरम पाणी व साबणाने त्वचेचं स्वतःचं तेलही धुऊन निघालेलं असतं. मॉइश्चरायझरचं मुख्य काम हे पाणी आत अडवून ठेवायचं. म्हणून आंघोळीनंतर साधारण तीन मिनिटांच्या आत ते अंगावर गेलं पाहिजे. पाणी उडून गेल्यावर लावलं तर झाकण बसतं, पण भांडं रिकामं असतं.

ओलसर म्हणजे किती? सुती पंचाने अंग टिपून घ्या, घासू नका. थेंब ओघळत असतील तर क्रीम पाण्यात मिसळून पातळ होते आणि खाली घसरते. थेंब नाहीत, पण हात लावला तर गारवा आणि ओल जाणवते, ही योग्य वेळ. पाणी कोमट ठेवा आणि क्रीमची बाटली न्हाणीघरातच ठेवा, म्हणजे तीन मिनिटं सापडतात.

इथे मात्र पेर विसरा. मॉइश्चरायझर मुठीने लागतो. ब्रिटनमधल्या त्वचारोगाच्या मार्गदर्शनात इसब असलेल्या लहान मुलाला आठवड्याला अडीचशे ग्रॅम आणि मोठ्याला पाचशे ग्रॅमपर्यंत मॉइश्चरायझर सांगतात. तिथली थंडी, तिथले हीटर वेगळे, पण त्यावरून अंदाज घ्यावा की शंभर ग्रॅमची बाटली महिनाभर पुरत असेल तर इसबाच्या त्वचेसाठी ती नाममात्र आहे. महाग क्रीम थेंबथेंब वापरण्यापेक्षा साधी, वास नसलेली, मोठ्या डब्यातली क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली भरपूर वापरलेली बरी. माझा अनुभव सांगतो की महाग बाटली घेतली की हात आखडतो.

आपल्याकडे तेल लावतात ते आंघोळीच्या आधी. अभ्यंगाचं सुख वेगळंच आहे, पण मागून साबण किंवा उटणं लावलं की तेलाचा बराचसा भाग धुऊन जातो. कोरड्या त्वचेसाठी खोबरेल वापरायचंच असेल तर थोडंसं आंघोळीनंतर, ओलसर अंगावर चोळून बघा. फरक त्याच दिवशी संध्याकाळी हाताला कळतो.

स्टिरॉइडचं मलम आणि मॉइश्चरायझर एकाच जागी लावायचे असतील तर मधे पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, नाहीतर एक दुसऱ्याला पातळ करतं आणि नको तिथे पसरवतं. काही डॉक्टर आंघोळीनंतर लगेच चट्ट्यांवर मलम आणि बाकी अंगाला मॉइश्चरायझर अशी पद्धत सांगतात, तीही योग्य आहे. फक्त एवढं ध्यानात ठेवा की पाणी प्यायलेल्या त्वचेतून औषध जास्त आत जातं. म्हणून मलम जोरदार असेल तर ओल्यावर की कोरड्यावर, हे विचारूनच घ्या.

कोरडी त्वचा: मटाराचा दाणा

ओलसर त्वचेतून औषध जास्त आत जातं, हीच गोष्ट मुरुमांच्या औषधांच्या बाबतीत त्रासदायक ठरते. ॲडापलीन आणि ट्रेटिनॉइन ही रात्री चेहऱ्याला लावायची औषधं. डॉक्टर सांगतात, मटाराएवढं घ्या. लोक विचारतात, एका पुळीला मटाराएवढं का? नाही. अख्ख्या चेहऱ्याला मिळून एक. आणि मटार म्हणजे शेंगेतला ओला हिरवा दाणा, भिजवून फुगलेला पांढरा वाटाणा नव्हे. वजनात साधारण पाव ग्रॅम, म्हणजे अर्धं पेर.

पद्धत अशी:

1. चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टिपून घ्या आणि वीस ते तीस मिनिटं थांबा. हाताला पूर्ण कोरडा लागला पाहिजे.
2. मटाराएवढं औषध बोटावर घ्या आणि पाच ठिपके ठेवा: कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी.
3. ठिपके एकमेकांत मिसळत पसरवा. पुळ्या असोत नसोत, सगळीकडे लावायचं, कारण हे औषध पुळी यायच्या आधीच तिला अडवतं.
4. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांच्या खाचा आणि ओठांचे कोपरे सोडा. तिथे औषध साचतं.
5. सुरुवातीला एक दिवसाआड. दोन-तीन आठवड्यांत त्वचेला सवय झाली की रोज.

ओल्या चेहऱ्यावर लावलं, किंवा दोन मटार घेतले, तर पुळ्या लवकर जात नाहीत. आठवडाभरात चेहरा लाल होतो, पापुद्रे निघतात, साध्या पाण्यानेही चुरचुरतं. मग मुलं औषध सोडून देतात आणि म्हणतात की ते सोसलं नाही. फक्त नाकाच्या आणि तोंडाच्या कोपऱ्यांत सालं निघत असतील तर औषध तिथे साचतंय असं समजा. आधी त्या जागी थोडी पेट्रोलियम जेली लावली तर बचाव होतो. सगळाच चेहरा जळत असेल तर दोन-तीन रात्री थांबा, फक्त मॉइश्चरायझर लावा, आणि पुन्हा सुरू करताना कोरड्या चेहऱ्यावर आधी मॉइश्चरायझर, मग औषध असं करा. दिवस राहिलेले असतील किंवा राहायचा विचार असेल तर ही औषधं वापरू नका, डॉक्टरांना आधी सांगा.

गजकर्णाच्या मलमालाही त्वचा कोरडीच हवी, कारण बुरशी ओलीवरच पोसते. जांघेत, बोटांच्या बेचक्यात सुती कापडाने नीट टिपून मगच लावा, आणि चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत न्या, बुरशी दिसते त्याच्या पुढे सरकलेली असते. इसब आणि गजकर्ण दिसायला गोंधळात टाकतात. गजकर्णावर स्टिरॉइड लावलं तर खाज थांबते आणि बुरशी मात्र पसरते, म्हणून घरातली उरलेली ट्यूब एकाची दुसऱ्याला देऊ नका.

सनस्क्रीन: पेर नाही, दोन अख्खी बोटं

बाटलीवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर. घरी लोक बहुतेक त्याच्या अर्धं किंवा त्याहूनही कमी लावतात, त्यामुळे आकडा कागदावरच राहतो. यावर 2002 साली टेलर आणि डिफी यांनी सोपं माप सुचवलं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर बोटाच्या मुळापासून टोकापर्यंत एकेक पट्टी. डोकं आणि मान मिळून एवढं लागतं, डोक्यावर केस असतील तर थोडं कमी चालेल. एकदम थापलं तर पांढरं दिसतं आणि घरंगळतं, म्हणून एका बोटाचं लावा, दोन-चार मिनिटांनी दुसऱ्या बोटाचं.

हे कोरड्या त्वचेवर. सनस्क्रीनला त्वचेवर सलग पापुद्रा धरायचा असतो, घामावर किंवा ओल्या मॉइश्चरायझरवर तो तुटतो आणि त्याचे बारीक गोळे निघतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या उकाड्यात पंख्याखाली घाम सुकवून मगच लावा आणि उन्हात असाल तर दोन तासांनी पुन्हा.

ट्यूबवर तारीख लिहा

मी प्रत्येक ट्यूब देताना पेनने त्यावर तारीख लिहून देते. ट्यूब कधी संपते त्यावरून प्रमाण बरोबर आहे की नाही ते कळतं. अर्ध्या ग्रॅमचं एक पेर दोन वेळा लावायचं असेल तर पंधरा ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपली पाहिजे. रोज रात्री मटाराएवढं ॲडापलीन लावत असाल तर तीच पंधरा ग्रॅम साठ रात्री पुरायला हवी. तीन आठवड्यांत संपली तर तुम्ही तिप्पट लावताय.

त्या मुलाची आई दहा दिवसांनी आली तेव्हा तिने आधी ट्यूबच काउंटरवर ठेवली. पाच ग्रॅमच्या आसपास उरलं होतं, तळापासून तोंडाकडे गुंडाळत आणलेलं. चट्टे सपाट झाले होते, कोपराच्या घडीत थोडा रंग राहिला होता. डॉक्टरांनी मलम थांबवून मॉइश्चरायझर चालू ठेवायला सांगितलं होतं, म्हणून या वेळी तिने मोठा डबा मागितला.